बाथरूमच्या फरशीचे ग्राउट

लाद्यांमधील सांधे भरण्याचे मिश्रण म्हणजे ग्राउट. मुंबईत जुने मिस्त्री सांध्यांत नुसते व्हाइट सिमेंट भरत. साबणाचा थर आणि पायांची धूळ बसून असे सांधे तपकिरी पडतात.

रंग निवडताना लादीपेक्षा आधी पाणी पाहावे. पालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतले असल्याने त्याचे डाग कमी पडतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असले, तर ते वाळून पांढरी पूड उरते आणि काळ्या किंवा गडद करड्या सांध्यावर ती उठून दिसते. पांढऱ्यावर मळ दिसतो, काळ्यावर क्षार. म्हणून फरशीसाठी मध्यम राखाडी किंवा मातकट बेज सर्वांत सोयीचा. सिमेंट ग्राउट ओले असताना गडद दिसते, त्यामुळे नमुना लादीच्या तुकड्यावर भरून, पूर्ण वाळवून मगच रंग पक्का करावा. पुसताना स्पंज फार ओला राहिला तर त्याच रंगात फिकट पट्टे पडतात.

सिमेंट ग्राउट सच्छिद्र असते. इपॉक्सी ग्राउटमध्ये रेझिन आणि हार्डनर एकत्र होऊन जवळजवळ न शोषणारा सांधा तयार होतो. त्याला सीलर, म्हणजे सांध्यात पाणी आणि डाग मुरणे कमी करणारे द्रावण, लागत नाही. ते महाग म्हणून टाळले जाते, पण फरशीपुरता हिशेब वेगळा आहे. चार बाय सहा फुटांची मोरी म्हणजे सुमारे २.२ चौरस मीटर. ३०० मिमीच्या, ८ मिमी जाड लाद्या आणि ३ मिमीचा सांधा धरला, तर जेमतेम ६०० ग्रॅम ग्राउट लागते. नासाडी धरूनही एक किलो पुरते. खरी अडचण कामाची आहे: मुंबईच्या उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होते. थोडे थोडे कालवून, लादीवरचा पातळ थर लगेच पुसावा लागतो. तो राहिला तर चिकट, धुरकट पापुद्रा बनतो आणि मग सहज निघत नाही.

सीलर लावणे सार्थ ठरते ते सिमेंट ग्राउट आधीच भरलेले असेल तेव्हा. सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो काही मिनिटांत शोषला जाऊन डाग गडद झाला, तर सीलरची गरज आहे. सांधा स्वच्छ आणि आतपर्यंत कोरडा हवा. पावसाळ्यात रोज वापरातल्या बाथरूममध्ये हे अवघड, म्हणून हे काम हिवाळ्यात करावे. आत मुरणारा सीलर लावून जादा भाग पुसून काढावा आणि पुढे थेंबाचीच चाचणी घेत राहावी. रोजच्या घासण्याने त्याचा परिणाम एक-दोन वर्षांत ओसरतो.

सीलरमुळे फरशी जलरोधक होत नाही. खालच्या मजल्यावरची गळती सीलरने थांबत नाही. त्यासाठी लादीखालचे वॉटरप्रूफिंग आणि नहाणीच्या जाळीभोवतीचा सांधा तपासावा लागतो. संडास धुण्याचे अ‍ॅसिडही सीलर अडवू शकत नाही. ते सिमेंट खाते, सांधा खडबडीत होतो आणि मळ अधिकच धरतो.

फरशी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात कोणतेही ग्राउट हालचालीने तडकते. तिथे त्याच रंगाचे सिलिकॉन भरावे.