लिंगाची लांबी आणि स्तनांचा आकार: काळजी सारखीच, फसगत वेगळी

"माझं लहान आहे का?" हा प्रश्न मुलगेही विचारतात, मुलीही. वरवर पाहता न्यूनगंड एकच वाटतो, पण मुलगा बहुतेक वेळा चुकीच्या मापावर विसंबतो आणि मुलगी चुकीच्या अक्षरावर.

आधी मुलग्यांचं घेऊ. स्वतःचं लिंग आपण वरून पाहतो, त्यामुळे ते आखूड दिसतं. दुसऱ्याचं समोरून किंवा बाजूने दिसतं. त्यातून तुलना होते ती शिथिल अवस्थेतली, आणि ही अवस्था मुळीच भरवशाची नाही. थंडीने, भीतीने लिंग आक्रसतं. शिथिल असताना छोटं दिसणारं लिंग ताठर झाल्यावर बरंच वाढतं, मोठं दिसणारं तुलनेने कमी. २०१५ साली पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची मापं एकत्र करून पाहिली गेली. ही मापं आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली होती. सरासरी निघाली शिथिल असताना सुमारे ९ सेंटिमीटर आणि ताठर असताना सुमारे १३. पॉर्नमध्ये निवडून घेतलेली माणसं दिसतात, तिथून सरासरी कळत नाही.

मोजण्याचीही एक पद्धत आहे. ताठर लिंगाच्या वरच्या बाजूला पट्टी ठेवायची, तिचं टोक ओटीपोटाखालच्या हाडाला टेकेपर्यंत दाबायचं आणि लिंगाच्या टोकापर्यंत मोजायचं. समजा, एखाद्याने पट्टी नुसती कातडीवर टेकवली आणि ११ सेंटिमीटर भरलं. ओटीपोटाखालची दोन सेंटिमीटर चरबी दाबली की तेच माप १३ येतं. पोट सुटलेल्यांची फसगत बहुधा इथेच होते. तेल, गोळ्यांनी लांबी वाढत नाही.

मुलींना छळतो तो ब्राचा कप. 'बी' म्हणजे लहान आणि 'डी' म्हणजे मोठे, ही समजूत चुकीची आहे, कारण अक्षराला बँडच्या आकड्याशिवाय अर्थ नाही. ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए या तिन्ही कपांत जवळपास सारखाच आकार मावतो. त्यामुळे सैल बँड सोडून घट्ट बँड घेतला की अक्षर बदलतं, स्तन तेवढेच राहतात.

स्तनांचा आकार मुख्यतः चरबीवर ठरतो, दूध मात्र ग्रंथी तयार करतात. म्हणून लहान स्तन असलेल्या बहुतेक बायकांना बाळापुरतं दूध येतं. दोन्ही स्तन सारखे नसणं हेच नेहमीचं, आणि पाळीच्या आधी ते जड, फुगलेले लागतात. मोठ्या स्तनांची तक्रार मात्र खरीखुरी असू शकते: खांदे, मान दुखणं, स्तनांखाली पुरळ येणं. त्यावर उपचार आहेत.

डॉक्टरांकडे जायची कारणंही वेगळी आहेत. मुलाचे वृषण १४ व्या वर्षापर्यंत वाढायला लागले नाहीत, किंवा मुलीच्या स्तनांची वाढ १३ व्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर दाखवावं. पुरुषात लिंगाला नव्याने आलेला बाक किंवा दुखणं, आणि बाईच्या एकाच स्तनात अचानक पडलेला फरक, गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, खळी पडलेली कातडी यांत वाट पाहू नये.