पुढचा क्रॉसबाइट, मागचा क्रॉसबाइट आणि सरकणारा जबडा

पुढचा क्रॉसबाइट, म्हणजे खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे बसणं, घरात कुणाच्याही लक्षात येतो. मूल हसलं की दिसतं, आणि आजी ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून मोकळी होते. मागच्या क्रॉसबाइटमध्ये वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात. तो गालाआड असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. पुढचा आणि मागचा हा फरक एवढाच, तो समजायला डॉक्टर लागत नाही. घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी: मूल दात मिटताना जबडा सरळ मिटतो, की कशाला तरी अडून सरकतो?

पुढच्या क्रॉसबाइटचं थोडक्यात सांगतो. एखादाच दात उलटा असेल तर बहुतेक वेळा दुधाचा दात वेळेवर पडलेला नसतो किंवा लहानपणी पडून त्याला मार बसलेला असतो, आणि पक्का दात टाळूच्या बाजूने येतो. जागा असेल तर स्प्रिंगची प्लेट काही आठवड्यांत तो पुढे आणते, आणि खालच्या दातावर नीट बसला की तो सहसा परत फिरत नाही. थांबलात तर समोरच्या खालच्या दाताची हिरडी उतरू लागते. तीन-चार दात उलटे असतील तर जबडा हलकेच मागे नेऊन पाहतात. दातांच्या कडा एकमेकींना टेकल्या, तर जबडा पुढे सरकतोय. टेकतच नसतील तर प्रश्न हाडाचा असण्याची शक्यता मोठी. वरचा जबडा मागे राहिला असेल तर तो पुढे ओढणारा फेसमास्क साधारण दहा वर्षांच्या आत जास्त उपयोगी पडतो. तिथे आजोबांचा उल्लेख खरंच कामाचा.

आता मागचा. ‘डॉक्टर, हिचा फक्त डाव्या बाजूचा चावा उलटा आहे, तेवढीच बाजू सरळ करा,’ हे मी रत्नागिरीत इतक्यांदा ऐकलंय की आता आधी आरसा हातात देतो. मुलांमध्ये एका बाजूला दिसणारा क्रॉसबाइट बहुधा एका बाजूचा नसतोच. वरचा जबडा दोन्हीकडून सारखाच अरुंद असतो. अंगठा चोखणं किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढल्यामुळे तोंडाने श्वास घेणं ही नेहमीची कारणं: जीभ खाली राहते, गाल आत दाबतात. डब्यापेक्षा झाकण लहान पडावं तसं होतं. सरळ मिटायला गेलं की दोन्हीकडचे दात टोकाला टोक आपटतात, बरेचदा दुधाचे सुळे आधी. ते टोचतं, म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवून मिटतं. त्या बाजूला चावा उलटा दिसतो, दुसरीकडे ‘नॉर्मल’.

गुहागरकडची सात वर्षांची एक मुलगी घ्या. दात मिटल्यावर खालच्या दातांची मधली रेघ वरच्या रेघेपासून तीन मिलिमीटर डावीकडे, हनुवटीही डावीकडे. तोंड उघडलं की दोन्ही रेघा समोरासमोर. सावकाश मिटायला लावलं, तर शेवटच्या क्षणी जबडा डावीकडे गेला. निदान इथेच झालं. नुसती मिटलेली रेघ पाहून ठरवू नका. एखादा दुधाचा सुळा लवकर पडला तरी रेघ सरकते, पण ती तोंड उघडल्यावरही सरकलेलीच राहते. उघडताना आणि मिटताना ती बदलते का, ते पाहायचं.

उपचार म्हणून टाळू दोन्हीकडे रुंद करायची. तिला आम्ही दाढांना चिकटवलेली क्वाड हेलिक्सची, म्हणजे टाळूला रुंद करणारी चार वळ्यांची तार लावली. काढता-घालता येणारी प्लेटही चालते, पण ती डब्यात राहते, आणि पावसाळ्यात गावाहून दर पंधरवड्याला कोण येणार? चिकटवलेल्या तारेला महिना-दीड महिन्याने एक फेरी पुरते. चार महिन्यांत उलटा चावा सुटला, वरचा जबडा मुद्दाम थोडा जास्तच रुंद केला आणि तेवढेच महिने तार तशीच ठेवली, कारण लगेच काढली की तो परत अरुंद होतो. खालच्या जबड्याला हात न लावता रेघ मध्यावर आली.

अंगठा चार वर्षांच्या आत सुटला तर काहींचा चावा आपोआप सुधारतो. पण सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या पक्क्या दाढाही उलट्या बसल्या, तर ‘सगळे दात पडू दे, मग बाराव्या वर्षी तारा लावू’ हा सल्ला मला मान्य नाही. तोवर जबडा रोज वाकडा मिटत राहतो: उलट्या बाजूचा सांधा मागे दाबला जातो, दुसरा पुढे ओढला जातो, आणि त्याच स्थितीत हाड वाढतं. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी तोंड उघडलं तरी हनुवटी बाजूलाच राहू शकते. टाळूचा मधला सांधा तोवर घट्ट होत आलेला असतो, आणि वाकडं वाढलेलं हाड टाळू रुंद करून सरळ होत नाही.