संयत आणि कोरडं: उद्गारचिन्हं काढल्यावर काय उरतं?

गटातल्या चॅटवर आलेला आनंद अधिकृत निवेदनात उतरवायचा असला की बहुतेक जण आधी उद्गारचिन्हं खोडतात, मोठी रोमन अक्षरं बारीक करतात आणि काम झालं असं समजतात. हाती येतं ते कोरडं निवेदन. संयत निवेदन वेगळं असतं, आणि दोघांतही आरडाओरडा नसल्यामुळे ती सहज एकसारखी वाटतात.

समजा, चॅटवर हे आलं:

«झालंऽऽऽ!!!! पेपर अ‍ॅक्सेप्ट!! तिसऱ्या वेळी!!!!! आणि ज्युनिअरने दोन महिने एकटीने सगळी आकडेमोड परत तपासली, ती नसती तर संपलो होतो!!!»

कोरडं रूप असं होतं: «सदर शोधनिबंध स्वीकारण्यात आला आहे.» व्याकरणाने बिनचूक, पण ‘स्वीकारण्यात आला आहे’ म्हटल्याबरोबर कर्ता गायब झाला. ज्युनिअर गेली, दोन महिने गेले, तिसरी फेरीही गेली. मला हा अन्याय वाटतो.

उद्गारचिन्हांचे झुबके कुठे आहेत ते आधी बघावं. सगळ्यात मोठा झुबका ‘तिसऱ्या वेळी’पाशी आहे, म्हणजे आनंदाइतकाच तो सुटकेचा निःश्वास आहे. शेवटचा झुबका कृतज्ञतेचा. चिन्ह काढलं की त्या जागी त्यामागची हकिकत लिहायची:

«आपला शोधनिबंध तिसऱ्या फेरीत स्वीकारला गेला. आधी दोनदा तो दुरुस्तीसाठी परत आला होता. आपल्या ज्युनिअर सहकारी दोन महिने एकट्याने सगळी आकडेमोड पुन्हा तपासत होत्या; त्यामुळेच परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर देता आलं.»

इथे ‘त्यामुळेच’मधला ‘च’ पाहा. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. जोर द्यायला आपल्याकडे ‘च’, ‘ही’ आणि शब्दांचा क्रम आहे. ‘च’ एका परिच्छेदात एकदाच वापरला तर ऐकू येतो. प्रत्येक वाक्यात आला की पुन्हा गोंगाट.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. चिन्हं जातात आणि त्यांच्या जागी ‘अत्यंत’, ‘अभूतपूर्व’, ‘घवघवीत’ येऊन बसतात. तो आरडाओरडाच असतो, फक्त शब्दांत. ओळखायचं असेल तर विशेषण झाकून वाक्य वाचा. माहिती जराही कमी झाली नाही, तर ते नुसतं चिन्हाच्या जागी आलं होतं.

‘अभिनंदन!’ एवढं एक चिन्ह राहिलं तरी चालतं. उद्गाराला चिन्ह लागतंच.

एक गोष्ट मात्र चॅटमधून उचलू नये, ती म्हणजे ‘झालं’ हा शब्द. उत्साहात माणूस ‘झालं’ लिहितो आणि पत्रात ‘किरकोळ दुरुस्त्यांच्या अटीवर स्वीकृत’ असं असतं. निवेदन लिहिण्याआधी मूळ पत्र उघडून वाचावं, आणि अट असेल तर ती पहिल्याच वाक्यात यावी: «किरकोळ दुरुस्त्या करून दिल्यावर शोधनिबंध प्रसिद्ध होईल.»