तबेल्यात तडकलेली काडतुसं

ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत. तेवढे महिने दारूगोळा कोरडा राहावा म्हणून तो घोड्यांच्या तबेल्यात ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की अनेक पितळी काडतुसं तडकलेली निघत. तडा बहुधा मानेशी, म्हणजे पुंगळी गोळीभोवती आवळलेली असते तिथे. हंगामागणिक हेच घडे, म्हणून इंग्रजीत या दोषाच्या ‘सीझन क्रॅकिंग’ या नावात ऋतू येऊन बसला.

उलगडा झाला 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळेत आधीच दडलेला ताण, असे दोन गुन्हेगार होते. थंड पितळ ओढून, दाबून पुंगळी घडवली की धातूत ताण उरतो. दमट हवेत तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि ताणलेल्या जागी तांब्यावर हल्ला चढवतो. दोघांपैकी एक नसेल तर तडा सहसा जात नाही. म्हणून उपायही दोन निघाले: तबेला टाळणं, आणि घडवल्यावर मान तापवून ताण घालवणं. लष्करी काडतुसाच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा हा त्या तापवण्याचाच डाग. नवखा माणूस त्याला गंज समजतो.

पितळेचं कोडं सुटलं, तरी आतल्या दारूचं दुखणं निराळंच होतं. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज ठेवल्या जागी हळूहळू विघटित होतो. त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि तेच पुढच्या विघटनाला वेग देतात. तापमान दहा अंशांनी चढलं की हा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या खोलीत वर्षं झपाट्याने सरतात, ती अशी. तुलों बंदरात 1907 मध्ये ‘येना’ आणि 1911 मध्ये ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका स्फोटात गेल्या. संशयाचं बोट याच दारूकडे गेलं. पुढे हे वायू शोषून घेणारं डायफिनाइलअमाइन दारूत मिसळण्याची रीत रुळली. पण तेही शोषता शोषता संपतं.

जुनं काडतूस हाती आलं तर आधी मान बघावी. केसासारखी उभी रेघ दिसली तर तो तडाच. ताक कळकवणारा हिरवा कळंक पुंगळीवर किंवा बुडाच्या टोपीभोवती चढला असेल, तर ओल आत गेल्याची शंका घ्यावी. घासून पितळ चकचकीत होतं, तडा मात्र तिथेच राहतो. आंबट, झोंबरा वास किंवा आतून आलेला गंज दारू बिघडल्याची खूण. असं काडतूस झाडूही नये, फोडूही नये. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना कळवावं. ओल लागलेली दारू कधी पेटतच नाही, कधी बंदुकीचा घोडा पडल्यावर क्षणभर थांबून पेटते. म्हणून ‘फुसका’ निघाला तरी नळी काही वेळ सुरक्षित दिशेलाच धरतात.

दारूचं वय मात्र बाहेरून कळत नाही. लष्करी कोठारांत त्यासाठी प्रत्येक खेपेतून नमुने काढून डायफिनाइलअमाइन किती उरलं ते मोजतात.