टॉन्सिलमधील खडे, तोंडाचा वास आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न
(आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर)

दर महिन्याला माउथवॉशची मोठी बाटली नेणाऱ्या ग्राहकांपैकी काही जण बाटली हातात घेतल्यावर हळूच विचारतात, की घशातून पांढरट दाणे पडतात, ते चिरडले तर असह्य वास येतो, तेव्हा टॉन्सिल काढून टाकल्यास हा त्रास कायमचा जाईल का? गिऱ्हाइकांच्या गर्दीत काउंटरवर उभे राहून या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. प्रत्येक टॉन्सिलमध्ये साधारण 10 ते 20 खोल, वाकड्यातिकड्या फटी असतात. घशात येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला त्या फटींमध्येच होते, म्हणजे ही रचना सदोष नसून हेतुपूर्वक आहे. मात्र गळून पडलेल्या पेशी, अन्नाचे कण, शेंबूड आणि जंतू यांचे मिश्रण एखाद्या फटीत अडकून राहिले की त्याचा गोळा बनतो. पुष्कळदा तो पनीरच्या चुऱ्यासारखा मऊच राहतो. काही वेळा लाळेतील कॅल्शियमचे क्षार त्यावर बसून खडा तयार होतो. वारंवार घसा सुजणाऱ्या व्यक्तींमध्ये फटी रुंद आणि खोल झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या घशात खडे अधिक दिसतात. कट्ट्यावरचे धारोष्ण दूध प्याल्याने खडे होतात, असा समज आपल्याकडे ऐकू येतो. परंतु खड्यातील कॅल्शियम लाळेतून आलेले असते, त्यासाठी दूध सोडण्याचे कारण नाही.

वास येतो तो खड्याच्या आत राहणाऱ्या जंतूंमुळे. फटीच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही, तेथे प्राणवायूशिवाय जगणारे जंतू प्रथिने कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन यांसारखे गंधकयुक्त वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचाच असतो. मात्र हेच जंतू जिभेच्या मागच्या भागावरील थरात आणि हिरड्यांखालील फटींमध्येही राहतात व तेच वायू तयार करतात. तोंडाच्या दुर्गंधीचा उगम बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी असतो. टॉन्सिलचा वाटा त्या मानाने थोड्या लोकांमध्ये मोठा असतो. त्यामुळे खडा दिसला म्हणजे वासाचे कारण सापडले, असे होत नाही, आणि नेमकी हीच चूक महागात पडते.

उगम ओळखण्याची एक घरगुती रीत आहे. सकाळी दात घासण्यापूर्वी स्वच्छ चमच्याच्या कडेने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडावा, चमचा काही सेकंद सुकू द्यावा आणि वास घ्यावा. नंतर दाढांच्या मधून फ्लॉसचा धागा फिरवून त्याचा वास वेगळा घ्यावा. शेवटी गळून पडलेल्या खड्याचा वास घेऊन तुलना करावी. स्वतःच्या श्वासाचा वास आपल्याला सहसा कळत नाही, म्हणून घरातील विश्वासू माणसाला विचारणे अधिक खात्रीचे ठरते. टॉन्सिलला मात्र पिन, टूथपिक किंवा हेअरपिन लावू नये; तेथे रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि छोट्या जखमेतूनही रक्त वाहते.

उद्यमनगरात काम करणाऱ्या आमच्या एका तिशीतील ग्राहकाचे उदाहरण येथे त्यांच्या संमतीने, नाव न देता, देत आहोत. त्यांना आठवड्याला दोन-तीन खडे पडत आणि ते शस्त्रक्रिया करण्याच्या पक्क्या विचाराने आले होते. वरील पडताळणीत चमच्याचा वास खड्याच्या वासाइतकाच उग्र निघाला. दंतवैद्यांनी कीटण काढले, रोज टंग क्लीनर वापरण्यास सांगितले आणि तोंड कोरडे पडू नये म्हणून पाणी वाढवायला लावले. प्रत्येक जेवणानंतर एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते जोराने गुळण्या करू लागले. दोन महिन्यांनी पत्नीने सांगितले की वास निम्म्याहून अधिक कमी झाला आहे. खडे मात्र पडतच होते. म्हणजे उरलेला वाटा टॉन्सिलचा होता, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल दाबून पाहिल्यावर फटींमधून तोच दुर्गंधीयुक्त चुरा बाहेर आला. शस्त्रक्रियेवर गंभीरपणे बोलण्याची वेळ तेव्हा आली. पहिल्या दिवशी ती नव्हती.

टॉन्सिल काढले की फटीच उरत नाहीत, त्यामुळे तेथील खडे थांबतात आणि त्यांच्यामुळे येणारा वासही थांबतो. जीभ, हिरड्या, नाकातून घशात उतरणारा स्राव किंवा तंबाखू यांचा वास मात्र तसाच राहतो. या गृहस्थांनी शस्त्रक्रिया करून घेतली. खडे पूर्ण बंद झाले, तरी सकाळी जिभेचा वास थोडा राहिला आणि टंग क्लीनर ते आजही नेतात.

प्रौढांना ही शस्त्रक्रिया मुलांपेक्षा जड जाते, हे आधीच माहीत असावे. ती पूर्ण भूल देऊन होते आणि गिळताना होणारी वेदना साधारण 10 ते 14 दिवस राहते. पहिल्या आठवड्यात घशात पांढरट खपली दिसते आणि श्वासाला पूर्वीपेक्षाही वाईट वास येतो. तो जखम भरण्याचा भाग असतो, तेव्हा शस्त्रक्रिया फसली असे समजून घाबरू नये. खरा धोका रक्तस्रावाचा असतो. तो पहिल्या 24 तासांत होऊ शकतो किंवा खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान. लाल रक्त तोंडात आल्यास गुळण्या करत घरी थांबू नये, सरळ आपत्कालीन विभाग गाठावा. त्या दोन आठवड्यांत मऊ भात, गार दूध, आइस्क्रीम चालेल. तांबडा रस्सा थांबू द्यावा. वेदनाशामक गोळीही शल्यविशारदांना विचारूनच घ्यावी, कारण ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. टॉन्सिल पूर्ण न काढता लेझरने किंवा कोब्लेशनने, म्हणजे रेडिओ-लहरींच्या ऊर्जेने, फटींची तोंडे उथळ करण्याची पद्धतही आहे. तिच्यात त्रास कमी असतो, पण खोल फट शिल्लक राहिल्यास खडे पुन्हा येऊ शकतात.

आमच्या विक्रीविषयीही स्पष्ट बोलणे योग्य होईल. माउथवॉश फटीच्या तळापर्यंत पोहोचत नाही, त्याने वास काही तास झाकला जातो. क्लोरहेक्झिडीन असलेली बाटली दंतवैद्यांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये, कारण दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. मद्यार्क असलेल्या बाटलीने तोंड कोरडे पडते आणि कोरडेपणामुळे वास वाढतो.

एकाच बाजूचा टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा मोठा झाला असेल, गिळताना एकाच बाजूला दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल, तर ते खड्याचे लक्षण गृहीत धरू नये. तंबाखू, मिश्री किंवा मद्य यांची सवय असणाऱ्यांनी तर दुकानात न येता आधी सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञांकडे तपासून घ्यावे.