सिगारेटच्या पाकिटावरील निकोटिनचा आकडा आणि प्रत्यक्ष शोषण

सिगारेटच्या पाकिटावर ‘निकोटिन 0.6 मिग्रॅ’ असे छापलेले असते तेव्हा तो आकडा तंबाखूतल्या निकोटिनचा नसतो आणि ओढणाऱ्याच्या रक्तात उतरणाऱ्या निकोटिनचाही नसतो. ठरावीक पद्धतीने झुरके घेणाऱ्या यंत्राच्या गाळणीवर जे निकोटिन जमा होते, तेवढेच तो सांगतो. एका सिगारेटमधील तंबाखूत साधारण 10 ते 14 मिग्रॅ निकोटिन असते. पाकिटावरचा आकडा काहीही असो, नेहमी सिगारेट ओढणारा माणूस एका सिगारेटमधून सरासरी 1 ते 1.5 मिग्रॅ शोषून घेतो.

भारतात निकोटिन व टारचे प्रमाण छापण्याची तरतूद 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात आहे, पण इथल्या बहुतेक पाकिटांवर ते दिसत नाही. सांगली-साताऱ्यातील ग्राहकाच्या हाती आकडा येतो तो मुख्यतः परदेशी पाकिटावरून. बरेच जण तो पाहून ‘हलकी’ सिगारेट निवडतात, म्हणून तो कसा निघतो हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार (ISO 3308) यंत्र दर 60 सेकंदांनी एक झुरका घेते. प्रत्येक झुरका 2 सेकंदांचा आणि 35 मिलीचा असतो. फिल्टरवरच्या कागदाच्या कडेपासून काही मिलिमीटरवर सिगारेट आली की यंत्र थांबते. धूर काचतंतूंच्या गाळणीतून जातो व त्याचे कण तिथे अडकतात. गाळणीचे वजन किती वाढले ते पाहतात, मग तिच्यावरील द्रव्य द्रावकात उतरवून वायू-वर्णलेखनाने निकोटिन व पाणी मोजतात. एकूण वजनातून ही दोन्ही वजा केली की उरते ते टार. काम अचूक आहे, यंत्राला दोष देता येत नाही. दोन छापांच्या सिगारेटी एकसारख्या ओढल्या तर काय फरक पडतो, एवढे सांगण्यासाठीच ही पद्धत होती. अमेरिकेत 1967 पासून जवळपास अशीच पद्धत सरकारी मान्यतेने वापरली जात होती. ग्राहकाची दिशाभूल होते हे स्पष्ट झाल्यावर 2008 मध्ये तेथील व्यापार आयोगाने ती मान्यता काढून घेतली.

आकडा खाली आणण्याची मुख्य युक्ती तंबाखूत नाही, फिल्टरच्या कागदात आहे. ओठाच्या टोकापासून साधारण 12 ते 15 मिमीवर त्या कागदाभोवती बारीक छिद्रांची एक किंवा अधिक वलये असतात. पाकिटात ती सहज दिसत नाहीत. फिल्टरवरचा कागद हलकेच सोडवून उजेडासमोर धरला की टाचणीच्या टोकाहून लहान ठिपके ओळीत दिसतात. यंत्राची पकड या छिद्रांच्या अलीकडे, अगदी टोकावर असते, त्यामुळे छिद्रे उघडी राहतात आणि प्रत्येक झुरक्यात बाहेरची हवा मिसळते. छिद्रांतून निम्मी हवा येत असेल, तर 35 मिलीपैकी सुमारे 17 मिलीच जळत्या तंबाखूतून आलेली असते. माणसाची बोटे आणि ओठ मात्र नेमके त्याच पट्ट्यावर येतात.

दुसरे कारण शरीराचे. निकोटिनची सवय लागलेल्या मेंदूला ठरावीक मात्रा हवी असते. धूर पातळ लागला की माणूस नकळत झुरका मोठा घेतो, दोन झुरक्यांतले अंतर कमी करतो, धूर खोल ओढतो आणि थोटूक अगदी फिल्टरपर्यंत जाळतो. याला भरपाईचे धूम्रपान म्हणतात. कमी आकड्याच्या सिगारेटी ओढणाऱ्यांच्या रक्तात निकोटिनचा अंश तितका कमी नसतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी 1983 मध्ये मोजून दाखवले होते.

एक नमुना पाहू. सांगलीच्या मार्केट यार्डात काम करणारा एक जण रोज 16 सिगारेटी ओढतो, पाकिटावर 0.6 मिग्रॅ लिहिले आहे आणि फिल्टरमधून 50 टक्के हवा मिसळते, असे समजा. यंत्राने 9 झुरके घेतले तर तंबाखूतून आलेला धूर सुमारे 157 मिली होतो. हा माणूस 25 सेकंदांच्या अंतराने 12 झुरके घेतो, प्रत्येक 55 मिलीचा, आणि बोटांनी निम्मी छिद्रे झाकली गेल्याने हवा 25 टक्केच मिसळते. म्हणजे धूर सुमारे 495 मिली, यंत्राच्या तिपटीहून अधिक. निकोटिन मात्र त्याच प्रमाणात वाढते असे नाही. जोरात ओढल्यावर ज्वलनाचे तापमान बदलते, धूर फिल्टरमधून वेगाने जातो आणि त्याची गाळण वेगळी होते. शरीरात नेमके किती शिरले, हे शरीरातच मोजावे लागते.

त्यासाठी कोटिनीन तपासतात. यकृत निकोटिनच्या सुमारे 70 ते 80 टक्के भागाचे कोटिनीनमध्ये रूपांतर करते. निकोटिन रक्तातून दोन तासांत निम्मे होते, कोटिनीनला सुमारे 16 तास लागतात, त्यामुळे सकाळ-दुपार असा मोठा फरक पडत नाही. रोज ओढणाऱ्याच्या रक्तातील कोटिनीन (नॅनोग्रॅम प्रति मिली) 0.08 ने गुणले की रोजचे शोषलेले निकोटिन मिलिग्रॅममध्ये अंदाजे मिळते. आपल्या माणसाचे कोटिनीन 250 आले, तर दिवसाला 20 मिग्रॅ, म्हणजे सिगारेटमागे 1.25 मिग्रॅ. पाकिटानुसार दिवसाची बेरीज फक्त 9.6 मिग्रॅ झाली असती.

या हिशोबाला मर्यादा आहेत. निकोटिन मोडणारे यकृतातील विकर CYP2A6 काहींत जोरात, तर काहींत मंद चालते, त्यामुळे 0.08 हा गुणक सर्वांना सारखा लागू पडत नाही. दुसरी अडचण या भागात फार येते. कोटिनीनला निकोटिन कुठून आले ते कळत नाही. तोच माणूस दिवसभर तंबाखू-चुना मळत असेल किंवा घरातली बाई मिश्री लावत असेल, तर कोटिनीन वाढलेले दिसते आणि ते सगळे सिगारेटच्या खात्यावर टाकले जाते. त्यामुळे तपासणीच्या आधी तंबाखूचा प्रत्येक प्रकार नावाने विचारावा. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई बहुधा नाहीच म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री दात घासायची असते. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजल्यास धुराचा भाग वेगळा ओळखता येतो, पण तो वायू काही तासांतच निघून जातो, म्हणून शेवटची सिगारेट किंवा बिडी केव्हा ओढली तेही लिहून ठेवावे लागते.

यंत्राचे वेळापत्रक कडक करण्याचेही प्रयत्न झाले. कॅनडाच्या पद्धतीत 55 मिलीचा झुरका दर 30 सेकंदांनी घेतात आणि सर्व छिद्रे चिकटपट्टीने बंद करतात. त्यात आकडे खूप वर जातात, छिद्रांमुळे पडलेले अंतरही बरेच मिटते. तरी तोही एकाच ठरावीक यंत्राचा आकडा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची मार्गदर्शक तत्त्वे असे आकडे पाकिटावर छापूच नयेत असे सांगतात, आणि युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशात ते पाकिटावरून काढून टाकले. हा निर्णय योग्यच होता.

बिडीला तर सिगारेटचे वेळापत्रक लागूच होत नाही. टेंभुर्णीचे पान आपोआप धुमसत राहत नाही, मिनिटभर झुरका घेतला नाही तर बिडी विझते. यंत्रावरही तिला अधिक जवळजवळ झुरके द्यावे लागतात, माणूसही तेच करतो. तिला छिद्रांचा फिल्टर नसतो, आणि आत तंबाखू कमी असूनही निकोटिन कमी मिळत नाही.

सोडू इच्छिणाऱ्यासाठी निकोटिनच्या च्युइंगमची मात्रा ठरवतानाही पाकिटाचा आकडा कामाचा नाही. उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळाने पेटते, हे विचारतात. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर 4 मिग्रॅचे, त्यानंतर असेल तर 2 मिग्रॅचे सुरू करतात. ‘मी हलकीच ओढतो’ म्हणून 2 मिग्रॅ दिल्यास तलफ शमत नाही, आणि च्युइंगमचा काही उपयोग नाही असे समजून माणूस पुन्हा टपरीकडे वळतो.