‘अज्ञात स्रोत’ची परवानगी नेमकी कशाची?

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात स्रोत’ नावाचं एकच बटण असे. ते बंद असताना अधिकृत स्टोअरबाहेरचं ॲप बसत नसे, चालू केलं की कुठलंही बसे. बटण संपूर्ण फोनसाठी एकच होतं आणि एकदा चालू केल्यावर ते बंद करायची आठवण सहसा कुणालाच राहत नसे. एखाद्या ॲपसाठी महिन्यांपूर्वी उघडलेलं हे दार मग ब्राउझरमध्ये आपोआप उतरलेल्या ‘तातडीच्या अपडेट’लाही तसंच उघडं सापडे. इन्स्टॉलची शेवटची खिडकी समोर येई खरी, पण तिथे ‘होय’ दाबण्याचीच सवय लागलेली असते.

त्यातला धोका जुलै 2016 मध्ये ठळक दिसला. ‘पोकेमॉन गो’ हा गेम आधी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका अशा मोजक्याच देशांत आला. बाकी जगाला धीर नव्हता. बटण कसं चालू करायचं आणि एपीके, म्हणजे ॲप बसवण्याची फाइल, कुठून घ्यायची, हे सांगणारे लेख सगळीकडे फिरू लागले. गेम येऊन तीन दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीला त्याची एक भेसळ केलेली प्रत सापडली. तिच्यात ‘ड्रॉइडजॅक’ हे फोनवर दुरून ताबा मिळवणारं साधन घुसवलेलं होतं. उघडल्यावर दिसायला ती अस्सल गेमसारखीच होती. फरक परवानग्यांच्या यादीत होता. अस्सल गेमला ज्यांची गरज नव्हती अशा, एसएमएस वाचण्यासारख्या परवानग्या ही प्रत मागत होती.

दुसरा फरक डोळ्यांना न दिसणारा, पण जास्त भरवशाचा. प्रत्येक एपीकेवर ती बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. एपीकेमध्ये बाहेरचं काही घुसवलं की जुनी सही मोडते आणि भेसळ करणाऱ्याला स्वतःच्या किल्लीने नवी सही करावी लागते. फोनवर अस्सल ॲप आधीपासून असेल, तर वेगळ्या सहीचं ‘अपडेट’ अँड्रॉइड साफ नाकारतो. पण ॲप पहिल्यांदाच बसवताना फोनकडे ताडून पाहायला जुनी सही नसते. 2016 मध्ये त्या गेमची वाट पाहणारे सगळे याच अवस्थेत होते. म्हणूनच एखादी साइट ‘आधी जुनं ॲप काढून टाका, मग हे टाका’ असं सांगते तेव्हा मी तिथेच थांबतो. सही जुळत नसल्याने अपडेट बसत नाही, हे लपवायची ती सोपी युक्ती असू शकते. फाइल कॉम्प्युटरवर घेऊन सही स्वतः पाहायची असेल, तर अँड्रॉइडच्या विकासकांच्या साधनांतला हा आदेश पुरतो:

```
apksigner verify --print-certs game.apk
```

यातून मिळणारा SHA-256 ठसा, म्हणजे सहीची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ, मूळ विकासकाने जाहीर केलेल्या ठशाशी जुळवायचा. काही मुक्त प्रकल्प तो आपल्या साइटवर देतात. बरेच विकासक देत नाहीत, ही अडचण आहेच.

2017 मध्ये अँड्रॉइड 8 आला आणि ते एकच बटण गेलं. त्याच्या जागी ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करणे’ ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागू लागली. ब्राउझरची परवानगी वेगळी, फाइल मॅनेजरची वेगळी, चॅट ॲपची वेगळी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ही परवानगी बसणाऱ्या ॲपला नसून बसवणाऱ्याला असते. ब्राउझरला ती दिली की ब्राउझरमधून येणाऱ्या पुढच्या प्रत्येक फाइलला रस्ता मोकळा होतो. काम झाल्यावर ती परत काढून घेतली, तरी बसलेलं ॲप चालूच राहतं. म्हणून ती उघडी ठेवण्याचं काहीच कारण नाही. चॅट ॲपला तर ती कधीच देऊ नये असं माझं मत आहे, कारण तिथे फाइल आपण शोधायला गेलेलो नसतो, कुणीतरी पाठवलेली असते.

या नव्या रचनेची पहिली मोठी परीक्षा ऑगस्ट 2018 मध्ये झाली, आणि तिच्यात वापरणाऱ्याची काहीच चूक नव्हती. एपिक गेम्सने ‘फोर्टनाइट’ गुगलच्या स्टोअरमध्ये न ठेवता स्वतःच्या साइटवरून दिला. आधी एक छोटा इन्स्टॉलर घ्यायचा, मग तो मूळ गेम उतरवणार. स्रोत अस्सल, साइट अस्सल, परवानगीही योग्य ॲपला दिलेली. पण इन्स्टॉलर गेमची फाइल फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये उतरवत होता. स्टोरेजची परवानगी असलेलं दुसरं कुठलंही ॲप तेव्हा तिथे लिहू शकत होतं. उतरलेली फाइल तपासून झाल्यावर आणि ती बसवण्याआधी मधे जो क्षण उरे, त्यात असं ॲप ती फाइल बदलू शकत होतं. सॅमसंगच्या फोनवर परिस्थिती आणखी वाईट होती. तिथे गेम सॅमसंगच्या खास वाटेने, वापरणाऱ्याला न विचारता बसे आणि ती वाट फक्त पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपचं आतलं नाव, बघे. ते नाव कुणालाही घेता येतं. बनावट फाइलने आपण अँड्रॉइड 6 च्या आधीच्या पद्धतीचं ॲप आहोत असं सांगितलं, की तिला हव्या त्या परवानग्या बसतानाच मिळून जात.

गुगलच्या अभियंत्यांनी 15 ऑगस्टला हे एपिकला कळवलं. इन्स्टॉलरची दुरुस्त आवृत्ती एक-दोन दिवसांतच आली. तिच्यात फाइल इन्स्टॉलरच्या खासगी जागेत उतरू लागली. दुरुस्ती आल्यावर सात दिवसांनी गुगलने तपशील जाहीर केला. एपिकने 90 दिवसांची मुदत मागितली होती, त्यामुळे जाहीर वादावादी झाली. स्टोअरबाहेर गेलेल्या कंपनीची उणीव स्टोअरच्या मालकानेच दाखवावी, यातला हितसंबंध कुणाच्या नजरेतून सुटला नाही. तरी उणीव खरी होती. जुन्या पद्धतीचा आव आणण्याची पळवाट मात्र अँड्रॉइड 14 पर्यंत टिकली. त्या आवृत्तीपासून इतकी जुनी पद्धत सांगणारी ॲप्स नेहमीच्या मार्गाने बसतच नाहीत.

दरम्यान चोरांनी रोख बदलला होता. बँकेचे पैसे काढायला त्यांना सर्वांत उपयोगी पडली ती ॲक्सेसिबिलिटी सेवा. दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्यांसाठी बनवलेली ही सोय ॲपला स्क्रीन वाचू देते आणि बटणंही दाबू देते. म्हणून 2022 च्या अँड्रॉइड 13 मध्ये बाहेरून बसवलेल्या ॲपला ही सेवा आणि नोटिफिकेशन वाचण्याचा अधिकार सहजासहजी मिळेनासा केला गेला. त्यातही फट राहिली. पर्यायी स्टोअर ज्या पद्धतीने ॲप बसवतात त्या पद्धतीला हा निर्बंध लागू नव्हता, आणि घातक ॲप्स तीच पद्धत वापरू लागली. पण वापरणाऱ्याला इथे एक चांगली खूण मिळाली. टॉर्च, व्हिडिओ प्लेअर किंवा बिल भरण्याचं ॲप ॲक्सेसिबिलिटी मागत असेल, तर ते कुठून आलं याचा विचार नंतर करावा, आधी ते काढून टाकावं.

ऑगस्ट 2025 मध्ये गुगलने पुढची पायरी जाहीर केली. गुगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर ॲप बसायचं तर ते कुठूनही आलं तरी त्याच्या विकासकाची ओळख पडताळलेली हवी. सुरुवात सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमधून. मुक्त ॲप्सचा संग्रह चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने याला कडाडून विरोध केला. नोव्हेंबरमध्ये गुगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं. कॉम्प्युटरला केबल लावून adb या विकासकांच्या साधनाने ॲप बसवणाऱ्यांना पडताळणीतून सूट असेल, हे आधीच सांगितलेलं होतं. या पडताळणीतून ॲप कुणी बनवलं ते कळेल. ते आत काय करतं हे कळायला परवानग्यांची यादी तेव्हाही वाचावीच लागेल.